बूट भिजवू नका, नुसत्या फेसाने धुवा

ताई, नमस्कार. माझा मुलगा सहावीत आहे. त्याच्या शाळेच्या काळ्या बुटांना इतका वास येतो की घरी आल्या आल्या ते दाराबाहेर ठेवावे लागतात. आधीचा जोड मी बादलीत साबणाच्या पाण्यात भिजवून घासला, तर आतली गादी पुढून गोळा होऊन सुटली आणि एका बुटाचा सोल बाजूने उघडला. नवा जोड घेतला, आता त्यालाही तोच वास. याची गादी चिकटवलेली आहे, निघत नाही. खाण्याचा सोडा टाकून पाहिला. दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. गोंद न सुटता बूट आतून स्वच्छ कसे करायचे? एकच जोड आहे आणि सुट्टी दोनच दिवसांची मिळते.
— वासाने हैराण आई

नमस्कार. सोड्याचा गुण दोनच दिवस का टिकतो, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. ताज्या घामाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. तळव्याच्या कातडीवर राहणारे जंतू घामातले आणि झडलेल्या कातडीतले घटक खातात, आणि त्यातून काही आम्लं तयार होतात. त्यातलं एक आयसोव्हॅलेरिक आम्ल. तो आंबूस, नाकात जाऊन बसणारा वास मुख्यतः त्याचा. खाण्याचा सोडा सौम्य आम्लारी असल्यामुळे या आम्लाचा क्षार होतो, क्षार हवेत उडत नाही, म्हणून नाकाला काही कळत नाही. पण गादीच्या कापडात रुतलेला मळ आणि मेलेल्या कातडीचा थर जिथल्या तिथे असतो. मुलाने बूट घातले, आत ऊब आणि ओल आली, की जंतूंचं जेवण पुन्हा सुरू.

म्हणजे सोडा चुकीचा नाही, त्याची पाळी चुकली. आधी मळ निघायला हवा, मग जंतू कमी व्हायला हवेत, मग बूट आतपर्यंत वाळायला हवा, आणि सोडा सगळ्यात शेवटी.

आता आधीच्या जोडाचं काय झालं ते बघू. बुटाच्या आत पायाखाली येते ती कापड आणि फोमची गादी, म्हणजे सुकतळा. त्याच्याखाली बहुतेक बुटांत दाबलेल्या तंतूंचा, जाड पुठ्ठ्यासारखा एक थर असतो, आणि त्याखाली सोल. सुकतळा चिकटवायला हलका गोंद पुरतो आणि पुष्कळदा तो पाण्यावर आधारित असतो. बादलीत बूट राहिला की हा गोंद मऊ पडतो. त्याच वेळी पुठ्ठ्याचा थर पाणी पिऊन फुगतो आणि वाळताना वाकडातिकडा आखडतो, आणि मग सुकतळा पुढून गोळा होतो. सोलचा गोंद याहून बराच दणकट. तो एखाद्या पावसाने सुटत नाही. पण कारखान्यात सोल चिकटवताना बऱ्याचदा तो गोंद गरम करूनच दाबलेला असतो, त्यामुळे नंतरही जास्त उष्णता मिळाली की तो ढिला होऊ शकतो. भिजलेला बूट कडक उन्हात, हीटरपुढे किंवा हेअर ड्रायरच्या गरम हवेत वाळवला, तर पाणी आणि उष्णता दोन्ही एकदमच त्याच्यावर येतात. तुमचा सोल बाजूने उघडला तो बहुधा असाच.

तेव्हा पाणी साठू द्यायचं नाही आणि गरम करायचं नाही, एवढं सांभाळून साफ करायचं आहे. हे फेसाने होतं. सोफ्याचं कापड न भिजवता साफ करतात, तीच पद्धत.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, बूट घरात येताच, सुरुवात करा. नाड्या पूर्ण काढा आणि मोज्यांबरोबर धुवायला टाका. त्यांनाही वास असतो आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. बुटाची जीभ पुढे ओढून तोंड जितकं उघडेल तितकं उघडा. बूट उलटा धरून टाचेवर थापट्या मारा, आतली माती-खडे पडू द्या. मग कोरड्या जुन्या टूथब्रशने सुकतळा आणि कडेची शिवण घासा आणि पुन्हा झटका. व्हॅक्युम क्लीनर असेल तर अरुंद तोंड लावून ओढून घ्या. सुकतळा आणि बाजूचं अस्तर जिथे मिळतं त्या खाचेत राखाडी, तेलकट लोकरीसारखा एक मळ सापडेल. तो कोरडा असतानाच काढायचा. ओला झाला की चिखल होऊन शिवणीत बसतो. त्यानंतर रात्रभर बूट पंख्यासमोर राहू द्या. दिवसभराच्या घामाने आधीच ओल्या असलेल्या बुटावर आणखी ओल चढवण्यात अर्थ नाही.

वास नक्की कुठून येतो हेही त्या वेळी बघून घ्या. कोरडा टिश्यू सुकतळ्याच्या चवड्याच्या भागावर मिनिटभर दाबून धरा आणि हुंगा. दुसरा टिश्यू टाचेच्या मागच्या अस्तरावर, तिसरा जिभेच्या आतल्या बाजूला. हे करताना घरचे हसतील, हसू द्या. बहुतेक वेळा चवडा पहिला येतो, पण जिभेची आतली बाजू दुसरी येते, आणि ती सगळेच साफ करायला विसरतात.

सकाळी एका वाटीत पाव कप कोमट पाणी घ्या आणि त्यात एक छोटा चमचा सौम्य शांपू किंवा भांडी घासायचा द्रव साबण. व्हिस्क किंवा काट्याने इतकं फेटा की वर घट्ट, पांढरा, चमच्यावर उभा राहणारा फेस येईल. आपल्याला हवा तो हा फेस. खालचं पाणी वाटीतच राहील. ब्रशचं टोक फक्त फेसात टेकवायचं. पाण्यापर्यंत गेलं तर झटकून पुन्हा फेस घ्यायचा.

बूट हातात आडवा धरा, तोंड किंचित खालच्या बाजूला. असं धरलं की जास्तीचं काही असेल ते पुढच्या टोकात न साठता बाहेर येतं. पुढचं टोक म्हणजे वाळायला सगळ्यात कठीण जागा, हवा तिथे जातच नाही. एका वेळी रुपयाच्या नाण्याच्या चार-पाच पट एवढीच जागा घ्या. फेस लावा, लहान गोल फिरवत दहा-पंधरा वेळा घासा, आणि लगेच पुसून घ्या. फेस पांढरा जातो आणि राखाडी होऊन येतो, हे पहिल्याच जागेवर दिसेल. पुसायला साध्या पाण्यात बुडवून करकचून पिळलेलं सुती फडकं घ्या, इतकं पिळलेलं की मुठीत दाबलं तरी थेंब पडणार नाही. मग त्याच जागेवर कोरडं फडकं दाबा. घासायचं नाही, दाबायचं, म्हणजे ओल वर येते. मगच पुढची जागा.

चवड्यापुढे, बोटांच्या जागी ब्रश धड पोचत नाही. तिथे लाकडी चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून रबरबँड लावा आणि त्याने फेस फिरवा. जिभेची आतली बाजू आणि टाचेचं अस्तरही याच रीतीने. शेवटी पिळलेल्या स्वच्छ फडक्याने सगळीकडून दोनदा पुसा. बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर साबण राहिला आहे, आणखी एकदा पुसा. राहिलेला साबण घाम धरून ठेवतो आणि कापड पुन्हा लवकर मळतं. दोन्ही बुटांना मिळून अर्ध्या तासाचं काम आहे. सगळं करून झाल्यावर सुकतळ्यावर अंगठा जोरात दाबा. गारवा जाणवला तर चालेल, अंगठ्याभोवती पाणी चमकलं तर जास्त झालं. तसं झालं तर टिश्यूची जाड घडी ठेवून वरून मुठीने दाबत राहा, घडी कोरडी निघेपर्यंत.

बूट आतून कातड्याचे असतील तर फेस आणखी कमी घ्या आणि ब्रशऐवजी मऊ फडकं वापरा. कातडं वारंवार साबणाने पुसलं की कडक होऊन तडकतं, त्यामुळे तिथे हा सोपस्कार नेहमीचा करू नका.

दुपारपर्यंत पंख्याची हवा लागू दिली की जंतूंची पाळी. औषधाच्या दुकानात ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते घ्या. ९९ टक्क्यांचं जास्त कडक म्हणून जास्त चांगलं, असं इथे नाही. त्यातला पाण्याचा वाटा जंतूंच्या आत शिरायला मदत करतो आणि द्रव लगेच उडूनही जात नाही. बुटात ओतायचं मात्र नाही. साठलेलं अल्कोहोल काही गोंद मऊ करतं आणि रंगही ओढतं. फडकं ओलसर करून सुकतळा, जीभ आणि टाच अशी पुसा की पृष्ठभाग अर्धा-एक मिनिट ओला दिसेल, मग आपोआप उडेल. आधी जिभेच्या आत, न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडं लावून पांढऱ्या फडक्यावर रंग उतरतो का ते बघा. बाहेरच्या चकाकीवर अजिबात लागू देऊ नका, तिथे निस्तेज डाग पडतो. खिडकी उघडी, गॅस-मेणबत्ती लांब, आणि मुलगाही लांब. हे काम त्याच्यावर सोपवू नका.

व्हिनेगरबद्दल लोक हटकून विचारतात, म्हणून सांगून टाकते. व्हिनेगर स्वतः आम्ल आहे, वासाच्या आम्लाला ते मारणार कसं? जंतूंना थोडाफार त्रास देतं, पण त्यासाठी बूट ओला करावा लागतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकले की फसफसतं, बघायला मजा येते, आणि दोघांनी एकमेकांना संपवून मागे जवळजवळ खारं पाणीच उरतं. ब्लीचचं तर नाव काढू नका. रंग, शिवण आणि फोम सगळ्यांचं नुकसान होतं. आणि ते व्हिनेगरमध्ये मिसळलं तर विषारी वायू निघतो.

आता वाळवणं. माझ्या मते निम्मा वास इथेच जातो आणि इथेच बहुतेकांची घाई होते. बूट हाताला कोरडा लागतो तेव्हा तो फक्त वरून कोरडा असतो. फोम आणि त्याखालचा पुठ्ठा अजून ओला असतो. हाताने हे कळत नाही, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याला कळतं. काट्यावर कागद पसरा आणि एक बूट तोला. समजा साफसफाईनंतर ३२० ग्रॅम भरला. संध्याकाळी ३०८, दुसऱ्या दिवशी सकाळी ३०१, दुपारी ३००, संध्याकाळी पुन्हा ३००. वजन उतरायचं थांबलं की बूट वाळला. हा ३०० चा आकडा बुटाच्या तळाशी पेनने लिहून ठेवा, पुढे कामाला येईल. वजन उतरत असेल तर बूट कितीही कोरडा वाटो, घालू देऊ नका.

वाळवताना बूट सावलीत ठेवा, पंख्याची साधी हवा थेट तोंडात जाईल असे, टाच खाली आणि टोक थोडं वर टेकवून. आत कागदाचे बोळे घालायचे असतील तर सैल घाला आणि तासाभराने बदला. रात्रभर तोच बोळा ठेवला तर तो ओल धरून टोकात बसतो आणि हवेची वाट अडवतो. उन्हाने जंतू मरतात म्हणून बूट उन्हात ठेवायची पद्धत आहे, पण ऊन बुटाच्या आत, टोकापर्यंत पोचतच नाही. तापतं ते बाहेरचं आणि सोलचा सांधा. फ्रीझरमध्ये ठेवायची युक्तीही फिरत असते. थंडीने बरेच जंतू नुसते झोपतात, पायाची ऊब मिळाली की उठतात.

दुसऱ्या सुट्टीच्या रात्री, वजन थांबल्यावर, सोडा. प्रत्येक बुटात एक सपाट चमचा, सुकतळ्यावर पातळ पसरवून. ढीग केला तर खालचाच थर काम करतो, बाकी वाया जातो. सकाळी बूट उलटा करून झटका, कोरड्या ब्रशने शिवणी घासा. सोडा ओल्या बुटात टाकला तर लापशी होऊन पांढरा थर बसतो, आणि तो घामाच्या पायाला चुरचुरतो. आतून कातडं असेल तर सोडा मोकळा न टाकता जुन्या पातळ मोज्यात भरून, गाठ मारून आत ठेवा. डबा मात्र नीट वाचून घ्या. धुण्याचा सोडा वेगळा आणि बराच तिखट, तो इथे चालत नाही. आणि हे रोज करू नका, आठवड्याला एकदा पुरे.

मग रोज काय? एकच जोड असल्यामुळे तुमच्यासाठी हा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. शाळेतून आल्यावर बूट दाराबाहेर किंवा बंद कपाटात गेले की सकाळपर्यंत ते वाळत नाहीत, आणि मुलगा कालच्या घामात पाय घालतो. आल्याबरोबर नाड्या सैल, जीभ बाहेर, बूट पंख्यासमोर. पहिला आठवडाभर सकाळी वजन बघा. ३०० च्या जवळ आलं तर एवढ्यावर भागतंय. रोज सकाळी आठ-दहा ग्रॅम जास्त भरत असेल, तर रात्रीत बूट वाळत नाही हे पक्कं समजा. तिथे कुठलीही पावडर-स्प्रे उपयोगाचा नाही, दुसरा जोड किंवा पुढचा उपाय हवा.

पुढचा उपाय म्हणजे न निघणाऱ्या सुकतळ्यावर एक पातळ, सुटा सुकतळा. कापडाचा किंवा फेल्टचा, दोन-तीन मिलिमीटरचा, असे दोन जोड. बुटाच्या आकारापेक्षा किंचित लहान कापायचा, म्हणजे कडा वर वळत नाहीत. घाम आणि मळ तो घेतो, रोज संध्याकाळी बाहेर येतो, एक वाळतो तोवर दुसरा आत. आठवड्याने कोमट पाण्यात हाताने धुवायचा, पिळायचा नाही, टॉवेलमध्ये दाबून सपाट वाळवायचा. बूट मुलाला आधीच घट्ट होत असतील तर मात्र हे करू नका. बोटं आवळली की घाम आणखी येतो. मोजे बदलायला शाळेच्या दप्तरात एक जास्तीचा जोड द्या. मधल्या सुट्टीत बदलले तर बुटात उतरणारा घाम बराच कमी होतो. घरी मोजे उलटे करून धुवा, मळ आतल्या बाजूला असतो.

सध्याच्या बुटांचा सुकतळा कुठे थोडा उचलला गेला असेल, तर तो ओढून बघू नका. उचललेला भाग काडीने वर टेकवून पंख्यासमोर पूर्ण वाळू द्या, खालचा जुना गोंद बोटाने चोळून काढा. मग बूट दुरुस्तीत वापरतात ते रबर सोल्युशन दोन्ही बाजूंना अगदी पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटतंय पण तार येत नाही असं झालं की दाबा. ओला असतानाच घाईने दाबलं तर दोन दिवसांत तिथे फुगा येतो. वास जाईपर्यंत बूट उघड्यावर ठेवा.

एवढं सगळं करून, बूट वजनाने कोरडा असूनही दोन-तीन दिवसांत वास परतला, तर टिश्यूची तपासणी पुन्हा करा. वरचं कापड स्वच्छ आणि वास मात्र खोलून येतोय असं असेल तर घाम फोममधून पुठ्ठ्यात मुरला आहे. तो बाहेरून निघत नाही. दाबलं तर चिकचिक वाजणं, फोमची पिवळी भुकटी निघणं, सांध्यात काळे ठिपके दिसणं, यांचाही अर्थ तोच. दुरुस्तीवाल्याकडून जुना सुकतळा काढून नवा बसवून घेता येतो, पण पुठ्ठा काळवंडला असेल तर त्यावर खर्च करू नका.

आणि बुटांबरोबर एकदा मुलाचे तळवेही उजेडात बघा. बोटांच्या बेचक्यात पांढरी, सोललेली, खाजणारी कातडी दिसली तर ती बुरशी असू शकते. टाचेवर किंवा चवड्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसले आणि वास फार उग्र असेल तर तो कातडीवरच्या जंतूंचा संसर्ग असू शकतो. दोन्हींवर लावायची औषधं वेगवेगळी आहेत, त्यामुळे अंदाजाने मलम आणू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. उपचार सुरू होतील त्या आठवड्यातच बूटही वरच्या रीतीने साफ करा, नाहीतर बरा झालेला पाय पुन्हा त्याच बुटात जाईल.